थंड हवेच्या वाटेने आलेला धूर

२१ नोव्हेंबर १९८० रोजी सकाळी सातच्या सुमारास अमेरिकेतल्या लास वेगास शहरात, एमजीएम ग्रँड हॉटेलच्या एका बंद उपाहारगृहात आग लागली. भिंतीच्या आतून एका थंड कपाटाची वायर गेली होती. तिच्यात बिघाड झाला आणि ती आतल्या आत धुमसत राहिली. कुणाच्या लक्षात आलं तेव्हा आगीने जोर धरला होता. शेजारीच भलंमोठं जुगारघर होतं आणि त्यात प्लास्टिक, फोम, गाद्यांच्या खुर्च्या असं जळायला लागेल ते सगळं होतं. काही मिनिटांत आगीचा लोळ जुगारघर ओलांडून पलीकडच्या दारातून बाहेर पडला. या भागात स्प्रिंकलर बसवलेले नव्हते.

अग्निशमन दल लगेच पोहोचलं आणि आगही फार वेळ धुमाकूळ घालू शकली नाही. हॉटेल २६ मजल्यांचं होतं, पण ज्वाळा खालचा भाग सोडून वर गेल्या नाहीत. वरच्या खोल्यांमधल्या पडद्यांना झळसुद्धा लागली नव्हती.

तरीही या दुर्घटनेत ८५ माणसं गेली आणि त्यांतली ६१ वरच्या मनोऱ्यात सापडली. बहुतेक जण १९व्या मजल्यापासून वर होते, म्हणजे आगीपासून सर्वांत लांब. कुणी खोलीत, कुणी व्हरांड्यात, कुणी जिन्यात, तर कुणी लिफ्टमध्ये. जवळपास सगळ्यांचा जीव धुराने आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता.

वीस मजले वर धूर गेला कसा? चौकशीत एकापेक्षा जास्त वाटा सापडल्या. लिफ्टच्या विहिरी होत्या, जिने होते, भूकंपात इमारतीला हलता यावं म्हणून दोन भागांमध्ये ठेवलेल्या उभ्या फटी होत्या. आणि वातानुकूलनाचं जाळंही होतं. हवेच्या डक्टमध्ये धूर अडवण्यासाठी झडपा असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. एमजीएममधले डॅम्पर सदोष निघाले. ज्या व्यवस्थेने लोकांना थंडगार हवा पुरवायची, तिनेच त्यांच्यापर्यंत धूरही पोहोचवला.

या झडपांविषयी सर्वसामान्य माणसाला जवळजवळ काहीच ठाऊक नसतं, कारण त्या दिसत नाहीत. लाल रंगाचे सिलिंडर दिसतात, छतावरचे स्प्रिंकलर दिसतात, ‘बाहेर’ असं लिहिलेले हिरवे दिवे दिसतात. डॅम्पर मात्र फॉल्स सीलिंगच्या वर, पत्र्याच्या डक्टच्या पोटात, भिंतीच्या जाडीत बसलेला असतो. इमारत उभी राहिल्यावर पुढची वीस वर्षं तो कुणी पाहिलेलाच नाही, असं सहज होऊ शकतं.

तो काय करतो हे कळण्यासाठी आधी मध्यवर्ती वातानुकूलन कसं चालतं ते पाहायला हवं. घरातला स्प्लिट एसी खोलीतली हवा खोलीतच फिरवतो. रुग्णालय, मॉल, मल्टिप्लेक्स, मोठं ऑफिस यांमध्ये बहुधा वेगळी रचना असते. एका खोलीत मोठा ब्लोअर आणि थंड पाण्याची कॉइल असलेलं यंत्र बसवतात. त्याला एअर हँडलिंग युनिट किंवा सरळ एएचयू म्हणतात. एएचयू थंड हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो आणि परतीच्या वाटेने तीच हवा पुन्हा ओढून घेतो. बाहेरची ताजी हवा त्यात थोडीशीच मिसळतात, कारण बाहेरची गरम हवा थंड करायला वीज फार लागते. म्हणजे मजल्यावरची बरीचशी हवा दिवसभर गोल गोल फिरत असते.

आता एक हिशेब करून पाहू. एका ऑफिसचे दोन मजले आहेत, प्रत्येकी ५,००० चौरस फुटांचे आणि दहा फूट उंचीचे. दोन्हींना मिळून एकच एएचयू आहे, ५० टनांचा. असा एएचयू मिनिटाला साधारण २०,००० घनफूट हवा फिरवतो आणि दोन्ही मजल्यांवर मिळून हवा आहे एक लाख घनफूट. म्हणजे दर पाच मिनिटांनी हा यंत्रराज दोन्ही मजल्यांवरच्या हवेइतकी हवा एकदा आत ओढून पुन्हा बाहेर सोडतो. मुख्य डक्टमधून ती सेकंदाला वीसेक फूट वेगाने धावते. खालच्या मजल्यावर झेरॉक्स मशीनने पेट घेतला, तर परतीच्या ग्रिलमध्ये शिरलेला धूर वरच्या मजल्यावर पोहोचायला मिनिटभरही लागणार नाही. खालची माणसं ‘आग, आग’ ओरडत जिन्याकडे धावतील, त्याच वेळी वरच्यांच्या डोक्यावरच्या ग्रिलमधून धूर उतरू लागेल. आग कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नसेल.

यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे फायर डॅम्पर, आणि त्याची रचना साधी आणि सुंदर आहे. दुकानाच्या शटरसारखी पोलादी पट्ट्यांची घडी डक्टच्या वरच्या बाजूला गुंडाळून ठेवलेली असते. तिला खाली पडण्यापासून अडवते एक छोटीशी धातूची कडी, फ्युजिबल लिंक. दोन पातळ पट्ट्या कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने चिकटवून ती बनवतात. भोवतालची हवा साधारण ७२ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, की जोड वितळतो, कडी सुटते आणि शटर धाडकन खाली येतं. वीज नको, वायर नको, माणूस नको. भिंतीतून डक्ट जाण्यासाठी पाडलेलं भगदाड त्या क्षणी पुन्हा भिंत होतं, आणि चांगल्या डॅम्परने ज्वाळा दीड-दोन तास अडवून धराव्यात अशी अपेक्षा असते.

या युक्तीत एक मोठी उणीव आहे आणि एमजीएमसारख्या दुर्घटनांमधून शिकण्याजोगी मुख्य गोष्ट तीच आहे. कडीला उष्णता कळते, धूर कळत नाही.

वरच्याच ऑफिसात परत जाऊ. समजा, परतीच्या डक्टला दहा खोल्यांमधून सारखीच हवा येते. त्यांतल्या एका खोलीत आग आहे आणि तिथून २०० अंशांचा धूर ओढला जातोय. बाकीच्या नऊ खोल्यांतून २५ अंशांची नेहमीची हवा येतेय. सगळं एकत्र झाल्यावर डक्टमधल्या मिश्रणाचं तापमान चाळिशीच्या आसपास भरेल. नागपूरच्या मे महिन्यातली दुपारची हवा याहून गरम असते. ७२ अंशांची कडी तिथे जागची हलणारसुद्धा नाही. आगीच्या खोलीलगतच्या भिंतीतला डॅम्पर कदाचित पडेल, पण पुढच्या भिंतींमधले, मजल्यांच्या स्लॅबमधले डॅम्पर उघडेच राहतील आणि त्यांतून विषारी, पण आता थंड झालेला धूर बिनदिक्कत पुढे जात राहील. त्यात एसीची कॉइल त्याला आणखी थंड करते.

म्हणून दुसरी जात आली, स्मोक डॅम्पर. याला वितळणाऱ्या कडीची वाट पाहावी लागत नाही. डक्टमध्ये किंवा छताला धूर ओळखणारा डिटेक्टर असतो. त्याने इशारा दिला की एक छोटी मोटर, जिला ॲक्च्युएटर म्हणतात, खिडकीच्या झडपांसारखी पाती फिरवून बंद करते. पात्यांच्या कडांना सील असतात, कारण ज्वाळा अडवायला पोलादाची पट्टी पुरते, पण धूर केसाएवढ्या फटीतूनही निसटतो. दोन्ही कामं करणारे एकत्र डॅम्परही मिळतात आणि मोठ्या इमारतींत आता बहुधा तेच बसवतात.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. ॲक्च्युएटर स्प्रिंगवाला असावा लागतो. वीज असते तोवर मोटर स्प्रिंगला ताणून पाती उघडी ठेवते आणि वीज गेली की स्प्रिंग स्वतःच्या जोरावर ती बंद करते. काही ठिकाणी मात्र स्वस्तातली मोटर बसवतात. तिला बंद होण्यासाठीही वीज लागते. आग लागल्यावर इमारतीची वीज तोडणं हे पहिल्या कामांपैकी एक. म्हणजे नेमकं बंद व्हायच्या वेळी असा डॅम्पर उघड्या तोंडाने थिजून राहतो.

डॅम्पर बंद होणं जितकं गरजेचं, तितकंच ब्लोअर थांबणंही. ब्लोअर पूर्ण वेगात असताना पडणारं शटर हवेच्या रेट्याने अर्ध्यात अडकू शकतं. उलट नुसता ब्लोअर बंद केला आणि डॅम्पर उघडे राहिले, तरी भागत नाही. गरम धूर हलका असल्याने उभ्या डक्टमधून तो आपोआप वर चढतो, जसा चुलीचा धूर धुराड्यातून चढतो. इमारत जितकी उंच, तितकी ही ओढ जास्त. दोन्ही गोष्टी एकाच इशाऱ्यावर, एकाच वेळी व्हायला हव्यात. जिन्यात दाबाने स्वच्छ हवा भरणारे पंखे आणि धूर बाहेर फेकणारे पंखे मात्र थांबता कामा नयेत, उलट तेव्हाच सुरू व्हायला हवेत. कोणता पंखा थांबायचा आणि कोणता सुरू व्हायचा, ही जोडणी फायर अलार्मच्या पॅनेलमध्ये नीट केलेली नसेल, तर महागडी यंत्रणाही घात करू शकते.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, हे सगळं लिहिलेलं आहे. शक्यतो प्रत्येक मजल्याला वेगळा एएचयू असावा, म्हणजे धूर मजल्यामजल्यांत फिरणारच नाही. आग रोखणाऱ्या भिंती जिथे डक्ट ओलांडतो, जिथे तो उभ्या शाफ्टमध्ये शिरतो आणि जिथे स्लॅब पार करतो, तिथे डॅम्पर असावा. तो आपोआप चालावा आणि त्याच वेळी एएचयूचा पंखा बंद व्हावा. जिने, व्हरांडे आणि लिफ्टसमोरची जागा यांचा परतीच्या हवेची वाट म्हणून वापर करू नये. डक्टभोवती भिंतीत राहिलेली पोकळी आगरोधक सामग्रीने बुजवावी. वाचायला रूक्ष वाटणाऱ्या या प्रत्येक ओळीमागे कुठे ना कुठे गुदमरलेली माणसं आहेत.

नियम छापलेले असताना काय होतं, हे ९ डिसेंबर २०११च्या पहाटे कोलकात्यात दिसलं. ढाकुरियातल्या एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. ते तळघर वाहनं ठेवण्यासाठी होतं आणि तिथे जळाऊ सामान साठवलेलं होतं. आग तळघरातच राहिली. धूर मात्र एसीच्या डक्टमधून आणि उभ्या शाफ्टमधून वॉर्डांमध्ये, अतिदक्षता विभागात पोहोचला. इमारतीला काचेचं बंद आवरण होतं आणि खिडक्या उघडायची सोय नव्हती. अग्निशमन दलाच्या जवानांनी बाहेरून काचा फोडल्या तेव्हा कुठे धुराला वाट मिळाली. तोवर नव्वदच्या आसपास माणसांचा जीव गेला होता. त्यांत बहुतेक रुग्ण होते, सलाइन लावलेले, स्वतःहून उठू न शकणारे. लास वेगास आणि कोलकाता यांच्यात ३१ वर्षांचं अंतर आहे, पण धुराने धरलेली वाट तीच.

डॅम्पर बसवलेला असूनही तो चालत का नाही, हा प्रश्न कारखान्यापेक्षा साइटवर सोडवावा लागतो. डॅम्पर स्वतः क्वचितच वाईट असतो. त्याचं वाटोळं होतं ते बसवताना आणि नंतर.

बसवतानाची चूक अशी की तो भिंतीच्या जाडीत बसण्याऐवजी फूटभर अलीकडे, नुसत्या डक्टमध्ये लटकवला जातो. आगीच्या तापाने पत्र्याचा डक्ट वाकतो, कोसळतो आणि डॅम्परही सोबत खाली येतो. मग भिंतीतलं भोक सताड उघडं राहतं. म्हणूनच डॅम्पर भिंतीत पक्का धरलेला असावा आणि त्याला जोडणारा डक्ट ओढ बसल्यावर सुटून पडेल असा सैल जोडलेला असावा. दुसरी चूक, शेजारी उघडझाप करण्याजोगं दारच न ठेवणं. डक्टला हात घालायला दार नाही, त्याखाली जिप्समचं अखंड सीलिंग, मग तपासणार कोण आणि कसं?

नंतरची चूक जास्त दुःखद आहे, कारण ती करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. जुनी कडी झिजून एखाद्या दिवशी तुटते, शटर पडतं आणि एका विभागात थंडावा येईनासा होतो. तक्रार येते, ‘एसी चालत नाही’. टेक्निशियन शिडी लावतो, शटर वर उचलतो. नवी कडी जवळ नसते. खिशात बाइंडिंग वायर असते. तो दोन वेढे देऊन शटर बांधून ठेवतो, ‘उद्या कडी आणतो’ म्हणतो, आणि तो उद्या उगवत नाही. लोखंडी तार ७२ अंशांना वितळत नाही. तो डॅम्पर आता कायमचा उघडा. स्मोक डॅम्परच्या बाबतीत हेच काम पॅनेलवर होतं. धुळीने डिटेक्टर खोटे इशारे देऊ लागला की एएचयू सारखा बंद पडतो, म्हणून ती वायरच काढून ठेवतात.

हे ओळखायचं कसं? फायर डॅम्परची खरी तपासणी एकच. एएचयू बंद करायचा, डक्टचं छोटं दार उघडायचं, बॅटरीच्या उजेडात आधी कडी पाहायची. तिच्यावर तापमानाचा आकडा छापलेला असतो. तिच्यावर रंग किंवा धुळीचा थर नसावा, आणि तिच्या जागी तार तर मुळीच नसावी. मग कडी सोडवायची आणि शटर स्वतःच्या वजनाने पूर्ण खाली येऊन खटकन बसतं का, ते बघायचं. हाताने ढकलावं लागलं, तर तो नापास. गंजलेल्या खोबणी, आत सांडलेलं सिमेंट, डक्ट जोडताना आरपार गेलेला एखादा स्क्रू, एवढ्यानेही शटर मध्येच अडतं.

स्मोक डॅम्परसाठी डिटेक्टरवर चाचणीचा धूर सोडतात आणि पॅनेलवर ‘बंद’ असा दिवा लागतो का ते पाहतात. अनुभवी माणूस तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. तो दिवा बहुधा मोटर फिरली एवढंच सांगतो. मोटर आणि पात्यांचा दांडा यांना जोडणारा क्लॅम्प सैल झाला असेल, तर मोटर इमानेइतबारे फिरते, दिवा लागतो आणि पाती मात्र उघडीच. म्हणून कुणीतरी डक्टच्या दारातून डोळ्यांनी पाहायलाच हवं. अमेरिकेतल्या मानकांनुसार बसवल्यानंतर एक वर्षाने आणि मग दर चार वर्षांनी प्रत्येक डॅम्पर तपासावा लागतो. रुग्णालयांना ही मुदत सहा वर्षांची आहे. आपल्याकडची धूळ आणि किनारपट्टीवरची खारी हवा लक्षात घेतली, तर इतकं थांबणं परवडणारं नाही. वर्षातून एकदा तरी प्रत्येक शटर पाडून पाहायला हवं.

डॅम्परची मर्यादाही ध्यानात असू द्यावी. तो फक्त डक्टच्या आतली वाट अडवतो. वायरी आणि पाइप नेण्यासाठी पाडलेली, न बुजवलेली भोकं, उघडे ठेवलेले जिन्याचे दरवाजे, लिफ्टच्या विहिरी यांतून धूर येणारच. स्वयंपाकघराच्या तेलकट धुराड्यात तर असा डॅम्पर बसवायचाही नसतो. चिकट थराने तो निकामी होतो, आणि तिथल्या आगीसाठी वेगळीच व्यवस्था लागते.

एखाद्या हॉटेलात किंवा ऑफिसात छताच्या ग्रिलमधून धूर येताना दिसला तर काय करावं? बाहेर पडायची वाट मोकळी असेल तर जिन्याने निघावं, लिफ्टने नव्हे. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने ते गरम आहे का पाहावं. बाहेर धूर भरलेला असेल तर खोलीतच थांबावं, एसी बंद करावा, ग्रिलवर आणि दाराखालच्या फटीत ओले टॉवेल किंवा चादरी घट्ट कोंबाव्यात आणि फोन करून आपण कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत आहोत ते अग्निशमन दलाला सांगावं.

पण त्याहून बरंच आधी करता येण्यासारखं एक काम आहे. महाराष्ट्रात २००६च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार, इमारतीतली आग विझवण्याची आणि रोखण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं. त्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. आपल्या ऑफिसच्या, आईवडिलांना दाखल केलेल्या रुग्णालयाच्या, मुलं जातात त्या मॉलच्या व्यवस्थापनाला हा फॉर्म मागावा आणि त्यासोबत एक साधा प्रश्न विचारावा: इमारतीत डॅम्पर किती आहेत, ते कुठे कुठे बसवले आहेत, आणि प्रत्येक शटर शेवटचं कोणत्या तारखेला पाडून पाहिलं? उत्तरादाखल मजल्यांच्या नकाशावर खुणा आणि तारखांची यादी पुढे आली, तर तिथे काम होतंय. यादीच नसेल, तर ती तयार होईपर्यंत तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा.